बाराशे पन्नास कूलंब

गुणदानाच्या बैठकीत माझा आवाज सगळ्यांत मोठा असतो. हे मी कौतुकाने सांगत नाही. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय झालेला आवाज आठ माणसांच्या खोलीत आला की समोरच्याला वाटतं, बाई भांडतायत. बहुतेक वेळा त्यांचा अंदाज बरोबर असतो.

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासायला आम्ही एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर बसलो होतो. खोलीत लांब टेबलं, प्रत्येक टेबलावर गठ्ठे, लाल पेनं परीक्षकांची आणि हिरवी आम्हा नियामकांची. परीक्षक गुण देतात, नियामक त्यांच्यावर नजर ठेवतात आणि आम्हा नियामकांवर नजर ठेवायला मुख्य नियामक. त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात. या वर्षी निवृत्त होणार होत्या, म्हणून आवाज न चढवता बोलायचं त्यांना परवडत होतं.

पहिल्या दिवशी सकाळी चार गुणांच्या एका गणितावरून आमची जुंपली. गणित असं होतं. चार्जिंगच्या एका दिव्याच्या बॅटरीवर ४५०० मिलिअँपिअर-तास असं लिहिलंय. पहिला भाग, पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत विद्युतप्रभार किती कूलंब, गुण दोन. दुसरा भाग, दिवा सतत ०.९ अँपिअर धारा घेत असेल तर किती वेळ चालेल, गुण दोन. उत्तरं १६२०० कूलंब आणि १८००० सेकंद, म्हणजे पाच तास. गणितात काही कठीण नाही. एकक नीट बदललं की पुढे नुसता भागाकार.

"पहिला भाग चुकला, पण ते चुकलेलं उत्तर घेऊन दुसरा भाग योग्य रीतीने सोडवला, तर दुसऱ्याचे दोन गुण द्यायचे का?" मोठ्या मॅडमनी विचारलं.

"कशाला द्यायचे?" मी म्हटलं. "एककच बदलता आलं नाही तर त्याला भौतिकशास्त्र येतं असं म्हणायचं कशावरून? पायाच वाकडा आणि वरच्या मजल्याचे गुण मागताय?"

"पण मुलाला सूत्र येतंय ना."

"सूत्र काय, पोपटालाही येतं."

दोघेतिघे हसले. हसले की माझं बळ वाढतं, ही माझी जुनी खोड. मी आणखी दहा मिनिटं बोलले, आणि शेवटी कंटाळून सगळ्यांनी मान डोलावली. पहिला भाग चुकला तर दुसऱ्याला शून्य, असं ठरलं. मोठ्या मॅडमनी ते वहीत लिहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "बघा हं, बाई. लिहून ठेवतेय."

दुपारी चहाच्या आधी माझ्या टेबलावरची नवी परीक्षक उठून आली. पहिलंच वर्ष तिचं. प्रत्येक बेरीज तीनदा करायची, त्यामुळे तिच्या गठ्ठ्यांत मला हिरवं पेन काढावंच लागत नव्हतं.

"मॅडम, हे बाराशे पन्नास कुठून येतंय?"

"कसलं बाराशे पन्नास?"

"बॅटरीच्या गणितात. चुकणारी मुलं वेगवेगळी चुकतात. कोणी साठने गुणतं, कोणी मिली विसरतं. पण या एका गठ्ठ्यात अकरा जणांनी बाराशे पन्नास कूलंब लिहिलंय. नेमकं तेवढंच. कॉपी असेल का?"

कॉपी म्हटल्यावर मला स्फुरण चढलं. "आण इकडे. एकेकाची हजेरी घेते."

तिने वरची उत्तरपत्रिका उघडून पुढे ठेवली. मी बघितलं. ४५०० लिहिलेलं, खाली भागाकाराची रेघ, रेघेखाली ३.६. त्या ३.६ भोवती चौकट, आणि चौकटीतून खाली निघालेला छोटा बाण. उत्तर, १२५० कूलंब.

दुसरी उत्तरपत्रिका. चौकट आणि बाण. तिसरी. चौकट आणि बाण.

ती चौकट माझी होती.

बावीस वर्षं मी अकरावीला वेग शिकवतेय. ताशी किलोमीटरचं सेकंदाला मीटर करताना मुलं गोंधळतात. कधी हजाराने गुणतात, कधी छत्तीसशेने, कधी नुसतंच माझ्याकडे बघतात. म्हणून मी एक वाट काढली होती. फळ्यावर मोठ्ठं ३.६ लिहायचं, भोवती चौकट, खाली बाण. "तास दिसला की तीन पूर्णांक सहाने भागा! डोकं लावू नका, भागा!" असं म्हणायचं आणि डस्टरने फळ्यावर एक फटका. मुलं हसायची आणि गुण मिळवायची. त्या चौकटीचा मला भारी अभिमान. दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात ती कोणी काढत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तसं मीच दहा ठिकाणी सांगत फिरले होते.

आणि बारावीला बॅटरीचं ते पान आलं तेव्हा सत्र संपत आलेलं. मी म्हटलं होतं, "हे घरी वाचून घ्या, सोपं आहे." मुलांनी वाचलंही असेल. मिलिअँपिअर-तास. त्यात तास दिसला. भागलं.

"काय झालं, मॅडम?" नव्या परीक्षकेने विचारलं.

"काही नाही. कॉपी नाही ही."

"मग?"

"कुठूनतरी शिकलेत," मी म्हटलं. माझा आवाज त्या दिवशी प्रथमच लहान निघाला.

नियम सरळ आहे. आपल्या कॉलेजच्या उत्तरपत्रिका आपल्याकडे येऊ नयेत म्हणून नंबर झाकतात आणि गठ्ठे फिरवतात, पण चुकून आल्याच आणि ओळखू आल्या, तर लगेच सांगायचं आणि गठ्ठा खाली ठेवायचा. मी सांगितलं नाही. उलट उरलेल्या चाळल्या. अकरापैकी दहा जणांना चार गुण गेल्याने काही फरक पडत नव्हता. कोणाला साठ होते, कोणाला त्र्याहत्तर. अकराव्याची बेरीज तेहतीस होती. नव्या परीक्षकेने ती तीनदा केली असणार. पास व्हायला पस्तीस लागतात.

सकाळी मी तोंड उघडलं नसतं तर दुसऱ्या भागाचे दोन मिळाले असते. बाराशे पन्नास भागिले ०.९, एक हजार तीनशे एकोणनव्वद सेकंद, साधारण तेवीस मिनिटं. पायरी बरोबर, भागाकार बरोबर. तेहतीस अधिक दोन.

हिरवं पेन माझ्या हातातच होतं. दोन गुण लिहून सही केली असती तर कोणी विचारलंही नसतं. सकाळचा ठराव मोडला म्हणून मोठ्या मॅडम फार तर एक भुवई उचलतील. आणि नाही लिहिले, तरी कोणी विचारणार नव्हतं. दोन्हीकडून सुटका होती, आणि दोन्हीकडून मला स्वतःची किळस आली. मी पेन बंद केलं. साडेपाच वाजले होते, गठ्ठे कपाटात गेले, कपाटाला सील लागलं.

घर माझं पहिल्या मजल्यावर, आणि खाली धाकट्या भावाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तो दहावीत दोनदा आपटला, मग त्याने पुस्तकांना रामराम ठोकला. मी त्याला आयुष्यभर त्यावरून टोचत आलेय. त्या संध्याकाळी वर न जाता मी त्याच्या काउंटरसमोरच्या स्टुलावर बसले.

"काय गं ताई, तोंड का असं? मुलांना नापास करून दमलीस?"

"एक सांग. साडेचार हजार मिलिअँपिअर-तासाची बॅटरी. शून्य पॉइंट नऊ अँपिअर ओढणारा दिवा. किती वेळ चालेल?"

त्याने हातातला स्क्रू सोडलाही नाही. "पाच तास. सेल जुना असेल तर चार-साडेचार."

"कसं काढलंस?"

"साडेचार हजार मिली म्हणजे साडेचार. साडेचारला पॉइंट नऊने भाग. हे विचारायला तुला एवढं शिकावं लागलं?"

"आणि कोणी तेवीस मिनिटं म्हणालं तर?"

"त्याला म्हणेन, बॅटरी परत कर, तुला फसवलंय दुकानदाराने."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. त्याच्या ते लक्षात आलं. त्याने स्क्रू ठेवला. मग मी त्याला सगळं सांगितलं, चौकट, बाण, अकरा उत्तरपत्रिका, तेहतीस गुण. त्याच्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहून दाखवलं. कूलंब म्हणजे एक अँपिअर धारा एक सेकंदभर वाहिली की जेवढा प्रभार जातो तो. मिली म्हणजे हजारावा भाग, तास म्हणजे छत्तीसशे सेकंद. छत्तीसशेला हजाराने भागलं की तीन पूर्णांक सहा. म्हणून एका मिलिअँपिअर-तासाचे ३.६ कूलंब. गुणायचं.

"आणि गाडीच्या वेगाला भागायचं ते का मग?"

"कारण वेगात तास खाली असतो. तासाला इतके किलोमीटर. हजार वर, छत्तीसशे खाली. इथे तास खाली नाही, वर आहे. अँपिअर गुणिले तास. आकडा तोच, दिशा उलटी."

"हे तू मुलांना सांगितलंस?"

"मी सांगितलं, डोकं लावू नका."

त्याने पावतीपुस्तक उलटं करून ठेवलं. टोमणा मारायची संधी त्याने सोडली, म्हणून ते जास्त लागलं. मग म्हणाला, "माझ्याकडे गिऱ्हाईक आलं आणि मी चुकीचा सेल बसवला, तर मी म्हणतो, माझी चूक, आणा इकडे. दुसरं काय करणार?"

"मला उद्या सात जणांसमोर म्हणावं लागेल."

"मग म्हण. तुझा आवाज पोचतो की."

दुसऱ्या दिवशी सकाळी सील निघायच्या आधी मी उभी राहिले. रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"काल मी एक गोष्ट लपवली," मी म्हटलं. "तिसऱ्या, म्हणजे माझ्याच टेबलावरच्या एका गठ्ठ्यात माझ्या कॉलेजची मुलं आहेत. मला काल दुपारीच कळलं. त्या अकरा जणांनी बॅटरीच्या गणितात भागलंय, कारण मी त्यांना भागायला शिकवलंय. गाडीचा वेग शिकवताना नियम दिला, तो कुठे लागतो आणि कुठे नाही ते सांगितलं नाही. आणि पहिला भाग चुकला तर दुसऱ्याला शून्य, हेही मीच तुमच्याकडून करून घेतलं. ते चूक होतं. माझ्या मुलांपुरतं म्हणत नाही मी. सगळ्याच गठ्ठ्यांमध्ये चूक आहे. एक चूक एकदाच कापायची असते, दोनदा नाही."

माझ्या शेजारच्या टेबलावरचे नियामक, ज्यांना काल मी सर्वांदेखत 'दयाळू' म्हणून चिडवलं होतं, ते खिडकीबाहेर बघू लागले.

मोठ्या मॅडमनी वही उघडली. "पहिलं. तुम्ही त्या गठ्ठ्याला हात लावायचा नाही. तुमचं टेबल बदलतेय, आणि काल सांगायला हवं होतं, हे माझ्या अहवालात जाईल."

"हो."

"दुसरं. गुणदानाचा निर्णय होईल तेव्हा तुम्ही बाहेर बसायचं. तुमचं मत ऐकलं, पण मत मोजणार नाही."

"हो, मॅडम."

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. आत वाद झाला, पण लांबला नाही. माझ्याशिवाय बैठका फार लवकर संपतात, हे मला त्या दिवशी समजलं. ठरलं ते असं: पहिला भाग चुकला तर त्याचे दोन जातील, पण ते उत्तर घेऊन दुसरा भाग योग्य सोडवला असेल तर त्याचे दोन द्यायचे. सगळ्या टेबलांवर, कालचे गठ्ठे पुन्हा उघडून.

मला आत बोलावलं. नव्या परीक्षकेच्या टेबलाशी मोठ्या मॅडम उभ्या होत्या. समोर तेहतीसवाली उत्तरपत्रिका. दुसऱ्या भागापुढे लाल पेनाने दोन लिहिलेले होते, आणि पहिल्या पानावर तेहतीस खोडून पस्तीस. मोठ्या मॅडमची हिरवी सही.

"पास झाला," नवी परीक्षक म्हणाली. आवाजात आनंद होता, आणि मला खूश करायची धडपडही. "मॅडम, तुमच्यामुळे पास झाला."

शेजारच्या नियामकांनीही मान हलवली. "बोललात हे चांगलं केलंत, बाई. वाचवलंत एकाला."

मीही ते जवळजवळ खरं मानलं. इतकं हलकं वाटलं की बसायला खुर्ची शोधली.

"थांबा," मोठ्या मॅडम म्हणाल्या. त्या उत्तरपत्रिकेचं आधीचं पान उलटत होत्या. "हे काय आहे? काल हे वाचलंत का तुम्ही?"

नवी परीक्षक गोरीमोरी झाली. "खोडलेलं तपासायचं नाही, असा नियम आहे ना, मॅडम. म्हणून मी..."

"तपासू नका. वाचा. मोठ्याने."

पानाच्या तळाशी, एका तिरक्या रेघेने खोडलेलं, पण रेघेखालून स्वच्छ दिसत होतं. नवी परीक्षक वाचू लागली.

"साडेचार हजार भागिले हजार, चार पॉइंट पाच अँपिअर-तास. गुणिले तीन हजार सहाशे. सोळा हजार दोनशे कूलंब. भागिले पॉइंट नऊ. अठरा हजार सेकंद. पाच तास." ती थांबली.

"पुढे."

"पुढे समासात बारीक अक्षरात लिहिलंय. 'पाच तास बरोबर वाटतंय. पण तास आहे, म्हणजे भागायचं. बाई सांगतात ते चुकणार नाही.' मग रेघ मारलीय."

नव्या परीक्षकेने माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

"याचे गुण देता येतील?" मी विचारलं. विचारायचा हक्क नव्हता, तरी विचारलं.

"खोडलेल्याचे नाहीत," मोठ्या मॅडम हळू म्हणाल्या. "त्याने स्वतः रेघ मारलीय."

त्यांनी पान मिटलं आणि उत्तरपत्रिका गठ्ठ्यात घातली. मुलगा की मुलगी, मला माहीत नाही. नंबर झाकलेला होता, अक्षर माझ्या ओळखीचं नव्हतं. दीडशे मुलांच्या वर्गात कितव्या बाकावर बसत होतं तेही कळायला मार्ग नाही. निकालात पस्तीस दिसतील, आणि घरी म्हणतील, काठावर वाचलं.

माझं टेबल बदललं. दिवसभर मी दुसऱ्या कॉलेजांचे गठ्ठे तपासले आणि बॅटरीचं गणित आलं की रेघेखालचंही वाचत गेले. संध्याकाळी जिन्यात शेजारचे नियामक भेटले, पाठीवर थाप मारल्यासारखं म्हणाले, "सोडा हो आता. दोन गुण मिळवून दिलेत त्याला."

मी जिना उतरत राहिले. मिळवून कसले दिले? त्या मुलाने चारच्या चार स्वतःच्या डोक्याने मिळवले होते. माझ्यावर विश्वास ठेवला आणि चारही स्वतःच्या हाताने खोडले. त्यातले दोन मी कसेबसे परत केले, आणि दोन अजून माझ्याकडेच आहेत.